हजार जणांचा सर्व्हे, पण मराठीवाले शंभरच

हा या भागाचा लिहून काढलेला मजकूर. बोलताना माझं जे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' होतं ते गाळलंय, आणि आकडे नीट मांडून दिलेत. बसमध्ये उभं राहून, कानात इयरफोन घालून वर्गमूळ समजून घेणं जमत नाही, अशी तक्रार तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी केली होती. तक्रार रास्त आहे.

आजचा विषय माझ्याच एका चुकीतून आलाय. मी आधी ज्या कंपनीत होतो तिचं नाव सांगणार नाही, आणि तिथले खरे आकडेही सांगता येत नाहीत. म्हणून आकडे मी गोल केलेत. पण गोष्ट झाली ती अशीच, आणि हिशोब पक्का आहे.

आमच्या ॲपची मराठी आवृत्ती निघून सहा महिने झाले होते. ॲपमध्ये एक छोटा प्रश्न टाकला: 'तुम्ही ॲपवर समाधानी आहात का?' हो किंवा नाही. १,००० जणांची उत्तरं आली, त्यातले ७०० 'हो' म्हणाले. मी डॅशबोर्डवर टाकलं, ७० टक्के समाधानी, आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ, 'मार्जिन ऑफ एरर ±२.८'. मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, जरा भाषेनुसार फोडून दाखव की. क्वेरीमध्ये एक `GROUP BY` टाकायचं काम, पाच मिनिटांत झालं. इंग्रजी आवृत्ती वापरणारे ९००, त्यातले ६३६ समाधानी, म्हणजे ७०.७ टक्के. मराठी वापरणारे १००, त्यातले ६४ समाधानी, म्हणजे ६४ टक्के.

खालची बारीक ओळ मात्र तशीच राहिली. ±२.८.

आता ती स्लाइड जो कोणी बघेल त्याच्या डोक्यात काय येणार? फरक जवळपास ७ टक्क्यांचा, चूक तीन टक्क्यांचीसुद्धा नाही, म्हणजे फरक खरा. मराठीवाले नाराज आहेत, भाषांतर फसलं. ठरलंही तसंच: मराठी आवृत्ती गुंडाळायची. भाषांतराचं काम कॉन्ट्रॅक्टवर करणाऱ्या ज्या ताई होत्या, त्यांचं पुढच्या महिन्याचं नूतनीकरण थांबवलं. डेटा टीममधल्या एका सीनियरने ती स्लाइड पाहिली आणि मला विचारलं, "अरे, ही खालची ओळ हजार जणांची ना? मग ती या शंभरांच्या आकड्याखाली काय करतेय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मार्जिन नेमकं कशावर ठरतं

शितावरून भाताची परीक्षा आपण सगळेच करतो. सर्व्हे म्हणजे तेच. सगळ्यांना विचारता येत नाही म्हणून थोड्यांना विचारायचं. मार्जिन ऑफ एरर सांगतं की असाच सर्व्हे पुन्हा पुन्हा, दरवेळी वेगळी माणसं चिठ्ठ्या टाकून निवडून केला, तर उत्तर खऱ्या आकड्यापासून किती इकडेतिकडे होईल. १०० पैकी साधारण ९५ वेळा ते त्या हद्दीत राहील.

नाणं उडवून बघा. १०० वेळा उडवलं तर छापे अगदी ५० येतीलच असं नाही, ४० ते ६० काहीही येऊ शकतं. म्हणजे दहाएक छाप्यांचा फरक, आणि १०० मध्ये १० म्हणजे १० टक्के. १,००० वेळा उडवलं तर ५०० पासून ३१ छाप्यांपर्यंत इकडेतिकडे होईल. आकडा म्हणून ३१ मोठा आहे, पण हजारात तो फक्त ३.१ टक्के. नाणेफेकी दहापट झाल्या, पण भरकटणं दहापट झालं नाही, सव्वातीनपटच झालं, कारण ते संख्येच्या वर्गमूळाच्या चालीने वाढतं. म्हणून टक्क्यांत बघितलं तर माणसं वाढली की मार्जिन कमी होतं, पण सावकाश. मार्जिन निम्मं करायचं असेल तर माणसं चौपट लागतात.

सूत्र एवढंच:

```
margin = 1.96 * sqrt(p * (1 - p) / n)
```

इथे p म्हणजे समाधानींचा वाटा आणि n म्हणजे उत्तरं देणारी माणसं. १,००० जण आणि ०.७० घातलं की २.८ येतं, माझ्या त्या बारीक ओळीतलं. आता मराठीवाल्यांसाठी घाला, १०० जण आणि ०.६४. उत्तर येतं ९.४. म्हणजे मराठीवाल्यांचं समाधान '६४ टक्के' म्हणताना आपल्याला खरं तर '५५ ते ७३ च्या मधे कुठेतरी' एवढंच म्हणता येत होतं. इंग्रजीवाल्यांचं मार्जिन ३.०, कारण ते ९०० होते.

उपगटाचं मार्जिन रुंद असण्यात दुसरं काही गूढ नाही. मराठी माणसांबद्दल बोलताना इंग्रजीवाल्या ९०० जणांची उत्तरं काहीच मदत करत नाहीत. तो हजारांचा सर्व्हे मराठीवाल्यांपुरता शंभरांचाच सर्व्हे होता. एका कुकरमध्ये वरणाचा आणि भाताचा डबा लावला, तर वरण कितीही वेळा ढवळून बघा, भात शिजला का ते कळत नाही.

हे सगळ्यात मोठ्या प्रमाणावर बघायचं असेल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण बघा, ज्याला बातम्यांत एनएफएचएस म्हणतात. २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीत सुमारे १ लाख ९ हजार घरं होती, आणि आकडे देश व राज्य पातळीवर दिले गेले. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत घरं झाली सुमारे ६ लाख. दहा वर्षांत देशाची लोकसंख्या काही साडेपाचपट झाली नव्हती. बदललं होतं ते हे, की आता प्रत्येक जिल्ह्याचा आकडा हवा होता. जिल्हा हा उपगट, आणि प्रत्येक उपगटाला स्वतःची पुरेशी माणसं लागतात. त्याच सर्वेक्षणातले काही प्रश्न, उदाहरणार्थ घरगुती हिंसाचाराचे, मुद्दाम थोड्याच घरांत विचारतात, आणि म्हणून त्यांचे आकडे जिल्ह्याला देत नाहीत, राज्यापर्यंतच थांबतात. आणखी एक बघण्यासारखी गोष्ट: आपल्या जिल्ह्याचं पत्रक उघडलंत तर काही आकडे कंसात दिसतील आणि काही ठिकाणी आकड्याऐवजी फुली. कंस म्हणजे तो आकडा फक्त २५ ते ४९ जणांवरून काढलाय, फुली म्हणजे २५ पेक्षाही कमी जण होते, म्हणून छापलाच नाही. माझ्या डॅशबोर्डला एवढी अक्कल नव्हती.

फरकाचं मार्जिन वेगळंच

स्लाइडवरचा खरा प्रश्न 'मराठीवाले किती समाधानी' हा नव्हताच. प्रश्न होता दोघांतल्या फरकाचा. आणि फरकाला स्वतःचं मार्जिन असतं, कारण त्यात दोन्ही बाजूंची अनिश्चितता येते. ती कशी मिळवायची? सरळ बेरीज नाही. शाळेतला पायथागोरस आठवा, काटकोन त्रिकोणाचा कर्ण. एक बाजू ९.४, दुसरी ३.०, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की ९.९ येतं.

म्हणजे फरक ६.७, मार्जिन ±९.९. खरा फरक मराठीच्या बाजूने १६.५ टक्क्यांनी वाईट असू शकतो, किंवा ३ टक्क्यांनी चांगलासुद्धा असू शकतो. आणि बघा, कर्ण ९.९ आहे, म्हणजे लांब बाजूपेक्षा जेमतेम मोठा. इंग्रजीवाल्या ९०० जणांमुळे गणित जवळजवळ हललंच नाही. ते ९ लाख असते तरी फरकाचं मार्जिन ९.४ च्या खाली आलं नसतं. छोटा गट सगळ्या सर्व्हेला धरून बसतो.

हे कळल्यावर मी फुशारकीने मीटिंगमध्ये सांगितलं, "फरक सिग्निफिकंट नाहीये, म्हणजे मराठी आणि इंग्रजीत काही फरक नाही." ताईंची बाजू घेतल्याचं समाधान वाटलं. सीनियर नुसता माझ्याकडे बघत राहिला. कारण ही माझी दुसरी चूक होती, आणि पहिल्यापेक्षा जास्त बेमालूम.

पॉवर: फरक असेल तर सापडेल का?

समजा इंग्रजीवाल्यांत खरोखर ७० टक्के समाधानी आहेत आणि मराठीवाल्यांत खरोखर ६३. सात टक्क्यांचा फरक खरा आहे, फक्त आपल्याला माहीत नाही. आमच्यासारखे ९०० आणि १०० जणांचे सर्व्हे शंभर वेळा केले, तर त्यातल्या किती सर्व्हेंत तो फरक 'खरा आहे' असं ठामपणे दिसेल? हिशोब केला तर उत्तर येतं २८. उरलेल्या ७२ वेळा सर्व्हे म्हणणार, 'सांगता येत नाही'. या २८ टक्क्यांना म्हणतात पॉवर.

आता माझं वाक्य परत वाचा. ज्या सर्व्हेला खरा फरक चारातून तीन वेळा दिसतच नाही, त्याला फरक दिसला नाही म्हणून मी 'फरक नाही' म्हणत होतो. अंधारात चष्मा न लावता किल्ली शोधायची आणि सापडली नाही म्हणून ती घरात नाहीच म्हणायचं, तसलं.

कमी पॉवरचा एक आणखी ताप आहे, त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. आमचं फरकाचं मार्जिन ९.९. म्हणजे सर्व्हेत फरक १० च्या आसपास किंवा जास्त दिसला तरच आम्ही तो 'सिग्निफिकंट' म्हणणार. पण खरा फरक तर ७ आहे! म्हणजे ते २८ सर्व्हे, ज्यांनी फरक पकडला, ते सगळे फरक फुगवूनच सांगणार, १०, १२, १४. छोट्या सर्व्हेतून एखादा मोठा, ठसठशीत फरक निघाला की लोकांचा विश्वास बसतो. माझा आता उलट संशय वाढतो.

म्हणून पॉवरचा हिशोब प्रश्न विचारायच्या आधी करतात. त्याला चार गोष्टी लागतात. एक, आजचा साधारण आकडा, आमच्याकडे ७० टक्के. दोन, फरक नसताना 'फरक आहे' म्हणायची चूक किती चालेल. प्रथेने ५ टक्के. तीन, खरा फरक असेल तर तो किती वेळा सापडायला हवा. प्रथेने ८० टक्के. हा ८० चा आकडा जेकब कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या लिखाणामुळे रुळला. तो निसर्गनियम वगैरे नाही. खोट्या गजरापेक्षा हुकलेला फरक चौपट परवडतो, असा त्यामागे अंदाज आहे, ५ ला २०. तुमच्याकडे हुकणं महाग असेल तर ९० घ्या.

चौथी गोष्ट सगळ्यात अवघड, आणि ती कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नाही: किती छोटा फरक तुमच्या कामाचा आहे? यावर आमची तासभर वादावादी झाली. एकाचं म्हणणं, दोन टक्क्यांचा फरकसुद्धा कळला पाहिजे. मी हिशोब लावला, तर प्रत्येक भाषेतले सुमारे ८,४०० जण लागत होते. एवढे मराठी वापरणारे आमच्याकडे नव्हतेच. मग प्रश्न फिरवून विचारला: किती फरक निघाला तर तुम्ही निर्णय बदलाल? दोन टक्क्यांनी कोणी काहीच बदललं नसतं. दहा टक्के निघाला तर भाषांतर मुळापासून तपासायचं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. ठरलं, दहा.

हा हिशोब पायथनमध्ये:

```python
from math import ceil
p1, p2 = 0.70, 0.60
z = 1.96 + 0.84
n = z**2 * (p1*(1-p1) + p2*(1-p2)) / (p1-p2)**2
print(ceil(round(n, 6)))   # 353
```

प्रत्येक गटात ३५३ जण. त्यातला १.९६ म्हणजे कुंपण, खोटा गजर १०० पैकी ५ वेळांच्या वर जाऊ नये म्हणून घातलेलं. पण खरा फरक नेमका कुंपणावरच असेल तर निम्मे सर्व्हे अलीकडे पडतील आणि निम्मे पलीकडे, म्हणजे पॉवर ५०. तो फरक कुंपणाच्या थोडा पलीकडे हवा, म्हणजे १०० पैकी ८० सर्व्हे पलीकडे पडतील. तो 'थोडा' म्हणजे ०.८४. (आमच्या मूळ ९००-१०० च्या सर्व्हेची पॉवर दहा टक्क्यांच्या फरकासाठीही ५० च भरत होती. चक्क नाणेफेक.)

हे लक्षात ठेवायला सोपं करायचं तर, फरकाचं मार्जिन हे तुम्हाला शोधायच्या फरकाच्या साधारण सत्तर टक्के हवं. दहाचा फरक शोधायचाय तर मार्जिन ७ पर्यंत खाली आणा. आमचं होतं ९.९. कोड न चालवताही कळायला हवं होतं.

p2 मध्ये ०.६५ घालून बघा, म्हणजे पाच टक्क्यांचा फरक. उत्तर येईल १,३७२. फरक निम्मा, माणसं जवळपास चौपट. वर्गमूळ इथेही पाठ सोडत नाही. काही पॅकेजेस जरा वेगळं सूत्र वापरतात, त्यामुळे तुमच्याकडे उत्तर दोन-चारने पुढेमागे आलं तर घाबरू नका.

कोणी म्हणेल, इंग्रजीवाले ९०० आधीच आहेत, मग मराठीवाले कमी चालतील ना? चालतील, २३१. पण दोन्ही गटांना एकाच आठवड्यात नव्याने विचारणं बरं. मधल्या काळात ॲपचं अपडेट आलं होतं, आणि जुनी इंग्रजी उत्तरं नव्या मराठी उत्तरांशी लावली तर फरक भाषेचा की अपडेटचा हेच कळलं नसतं. शिवाय ज्या शंभरांवरून संशय आला, तेच शंभर पुरावा म्हणून परत मोजायचे नाहीत.

पुन्हा विचारलं तेव्हा

आम्ही दोन्ही आवृत्त्यांमधून चिठ्ठ्या टाकल्यासारखी माणसं निवडली. ३५३ उत्तरं हवी होती म्हणून ३५३ जणांना विचारून भागत नाही, बहुतेक लोक खिडकी बंद करतात. दहातला एक उत्तर देतो असं धरून तेवढ्या जास्त जणांना विचारलं, आणि ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांना एकदा आठवण केली. ती आठवण महत्त्वाची आहे. जे वैतागलेत तेच जास्त उत्तरं देत असतील तर आकडा एका बाजूला झुकतो, आणि हा झोल मार्जिनमध्ये धरलेला नसतो. माणसं कितीही वाढवा, तो जात नाही.

शेवटी दोन्हीकडून ३६० उत्तरं मिळाली. इंग्रजीत २५६ समाधानी, ७१.१ टक्के. मराठीत २२३, म्हणजे ६१.९ टक्के. फरक ९.२, मार्जिन ±६.९. या वेळी शून्य हद्दीच्या बाहेर होतं. मराठीवाले खरंच कमी समाधानी होते. किती कमी, ते २ ते १६ च्या मधे कुठेही.

तेवढ्यात मी तिसरी चूक करणारच होतो. एकूण समाधान म्हणून ७२० पैकी ४७९, म्हणजे ६६.५ टक्के असं लिहिलं. 'महिनाभरात साडेतीन टक्क्यांनी घसरलो?' असा मेसेज लगेच आला. घसरलो नव्हतो. मराठीवाले वापरकर्त्यांत एक दशांश आहेत आणि मी सर्व्हेत त्यांना मुद्दाम निम्मं केलं होतं. छोट्या गटातली जास्त माणसं घेतली की एकूण आकडा काढताना त्यांना परत त्यांच्या खऱ्या वाट्याएवढंच वजन द्यावं लागतं: ७१.१ चा नऊ दशांश आणि ६१.९ चा एक दशांश, बेरीज ७०.२. जिथे होतो तिथेच होतो.

ताईंचं काय झालं, हे ऐकताना तुम्ही विचारणार हे माहीत होतं. सर्व्हेने फरक आहे एवढं सांगितलं, तो भाषांतरामुळे आहे असं सांगितलं नाही. नाराज लोकांचे शेरे वाचले तेव्हा बरीच बोंब अशी होती की मराठी निवडलं तरी पैसे भरायचं पान इंग्रजीतच उघडतं. ते पान ताईंकडे भाषांतराला कधी दिलंच नव्हतं. ते आमच्या कोडमध्ये अडकलं होतं. नूतनीकरण झालं, दोन महिने उशिरा, आणि त्या दोन महिन्यांचे पैसे त्यांना मिळाले नाहीत.

ते पान दुरुस्त झाल्यावर कोणीतरी म्हणालं, मराठीवाल्यांचे ३६० आहेतच, तर पुण्यातले आणि बाहेरचे असे फोडून दाखव ना, पाच मिनिटांचं काम. १८० आणि १८०, फरकाचं मार्जिन परत ±१०. त्या वेळी मी आधी विचारलं, किती फरक निघाला तर काय बदलणार आहात? ते म्हणाले, विचार करून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.